फरशीखालचे घर

2003 साली पुण्यात मी एका छोट्या कंपनीत नोकरी करत होतो. बांधकाम सुरू व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला फ्लॅटमधून 'फिरवून आणणे' हे आमचे काम. संगणकावर हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी उभी करायची, आणि माऊस हलवला की बघणारा त्या घरातून चालतो आहे असे वाटायला हवे. चित्रफीत नव्हे, जिकडे वळाल तिकडचे दृश्य त्या क्षणी तयार व्हायचे. अशाच एका कामात हॉलला इटालियन मार्बल होता, आणि बिल्डरसाहेबांचा एकच आग्रह होता, की फरशी चमकली पाहिजे. मी ती चमकवली. सोफा, खिडकी, छताचा पंखा, सगळे फरशीत लख्ख उमटले. साहेबांनी दोन मिनिटे पाहिले आणि विचारले, "हा हॉल आहे की तळं? पाय ठेवला तर बुडेल की माणूस!"

माझ्याकडे उत्तर नव्हते. हिशेबात चूक नव्हती. प्रत्येक प्रतिबिंब जिथे पडायला हवे तिथेच पडत होते. उत्तर मिळाले ते साइटवर. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये फरशी घासणारा कारागीर उकिडवा बसून, मान तिरपी करून, भिंतीवरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बघत होता. मी विचारले, काय बघता? तो म्हणाला, "रेघ किती फाटलीय ते. दाराच्या चौकटीचा पाय बघा साहेब, कसा चिकटून दिसतोय. आता वर वर या. ट्यूबपाशी पोचेपर्यंत सगळं पसरलंय. अजून दोन दगड फिरवायचे राहिलेत."

मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. फरशीला टेकलेल्या वस्तूचा पाया स्पष्ट, तीच वस्तू जसजशी वर जाईल तसतशी तिची सावली पुसट, आणि छताचा पंखा म्हणजे नुसता करडा डाग. माझ्या हॉलमधला पंखा मात्र पात्यांसकट मोजता येत होता. तेव्हापासून हा एकच प्रश्न माझ्या मागे लागला आहे: संगणकाने आरसा कधी शिकला, त्याची किंमत काय पडली, आणि आरशाची फरशी व्हायला इतका वेळ का लागला?

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये सापडतो. तिथल्या टर्नर व्हिटेड यांनी 1980 साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कल्पना अशी: डोळ्यापासून पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण उलटा सोडायचा. तो चकचकीत पृष्ठभागावर आदळला, की तिथून परावर्तनाच्या नियमाने दुसरा किरण सोडायचा, तो जिथे पोचेल तिथला रंग आणायचा. आरसा समोर आला तर तिसरा, चौथा. चौकटीचौकटींच्या जमिनीवर तरंगणारे दोन गोळे हे त्यांचे चित्र आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ते एक चित्र काढायला व्हॅक्स 11/780 या यंत्राला 74 मिनिटे लागली. व्हिटेड यांनी वेळेचा हिशेबही दिला आहे: साध्या दृश्यात सुमारे 75 टक्के आणि गुंतागुंतीच्या दृश्यात 95 टक्क्यांपर्यंत वेळ 'हा किरण कुठे आदळतो' एवढे शोधण्यातच जातो. आरसा म्हणजे शोध, आणि शोध महाग.

पण त्या चित्रातला प्रत्येक आरसा अगदी निर्दोष होता. एका किरणाचा एकच किरण होत असे. खऱ्या फरशीवर तसे होत नाही. पॉलिश कितीही केले तरी पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतात, आणि एका किरणाचा एक अरुंद शंकू होतो. शंकूच्या टोकाशी, म्हणजे फरशीला लागून, वस्तू असेल तर शंकू रुंद व्हायला जागाच नसते. म्हणून चौकटीचा पाय स्पष्ट. वस्तू दूर असेल तर तिथवर शंकू पसरलेला असतो आणि त्यात मावणाऱ्या सगळ्या रंगांची सरासरी डोळ्याला मिळते. कारागिराची 'फाटलेली रेघ' ती हीच. 1984 साली लुकासफिल्ममध्ये रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी यावर तोडगा काढला. चित्राच्या कडा दातेरी दिसू नयेत म्हणून एका ठिपक्यासाठी अनेक किरण सोडावेच लागतात. मग ते सगळे एकाच दिशेने परावर्तित करण्याऐवजी शंकूत थोडे इकडे, थोडे तिकडे विखुरले तर? पुसटपणा जवळजवळ फुकटात मिळतो. बदल्यात चित्रावर वाळू टाकल्यासारखे दाणे येतात. ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते. मात्र सिनेमाच्या एका फ्रेमसाठी रात्रभर थांबता येते. माऊस हलवणारे गिऱ्हाईक थांबत नाही.

झटपट चित्र काढणाऱ्यांनी म्हणून वेगळीच वाट धरली, आणि ती मला जास्त आपली वाटते, कारण ती भौतिकशास्त्राची नसून सुताराची आहे. सपाट आरशात जे दिसते ते आरशामागे उलटे उभे केलेले दुसरे घर आहे, असे मानायचे आणि खरोखरच ते दुसरे घर बांधायचे. 1996 साली आलेल्या 'सुपर मारिओ 64' या खेळात राजवाड्यातली एक आरशाची खोली आहे. तिथे आरसा नाहीच. भिंतीपलीकडे तीच खोली उलटी बांधली आहे आणि तिच्यात दुसरा मारिओ पहिल्याच्या बरोबरीने उलटा चालतो. रचनाकारांनी त्यात गंमतही केली: एक चित्र फक्त 'आरशात' दिसते, खऱ्या भिंतीवर काहीच नसते, आणि त्या कोऱ्या भिंतीत उडी मारली की पुढचा प्रदेश उघडतो. त्याच वर्षीच्या 'ड्यूक न्यूकेम 3डी'मध्ये थिएटरच्या प्रसाधनगृहात आरसा होता. तो बसवायचा तर नकाशा रचणाऱ्याला त्याच्यामागे मोठी रिकामी खोली सोडावी लागे. प्रतिबिंबालाही जागा लागते, हे तिथे शब्दशः खरे होते.

फरशीच्या बाबतीत ते दुसरे घर जमिनीखाली असते. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी ते बांधायला शिकले ते एका डायनासोरकडून. मार्क किलगार्ड यांनी नव्वदीच्या दशकात एक नमुना प्रोग्रॅम खुला केला होता, `dinoshade.c` नावाचा. चकचकीत फरशीवर एक ठोकळेबाज डायनासोर आणि फरशीत त्याचे प्रतिबिंब. सगळी जादू दोन ओळींत होती:

```
glScalef(1.0, -1.0, 1.0);
glCullFace(GL_FRONT);
```

पहिली ओळ सांगते, की उंचीचे चिन्ह उलटे करा. दोन मीटर वर असलेला पंखा दोन मीटर खाली जातो, आणि घर जमिनीखाली टांगले जाते. दुसरी ओळ विसरली की काय होते ते मी अनुभवले आहे. संगणकाला प्रत्येक त्रिकोणाची पुढची बाजू कोणती हे त्याचे कोपरे घड्याळाच्या दिशेने येतात की उलट, यावरून कळते. आरशात घड्याळ उलटे फिरते. त्यामुळे पुढचे त्रिकोण मागचे ठरून गाळले जातात आणि सोफा आतून दिसू लागतो, उलट्या करून वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. म्हणून दुसरी ओळ म्हणते, आता पुढचे गाळा.

दोन कामे तरी उरतात. जमिनीखालचे घर फरशीच्या चौकटीतच दिसले पाहिजे, गालिच्यातून किंवा बाल्कनीच्या कठड्याबाहेर नव्हे. त्यासाठी स्टेन्सिल नावाची सोय वापरत: आधी फरशीचे ठिपके खुणेने भरून ठेवायचे आणि मग उलटे घर फक्त खुणेच्या जागी काढायचे, रांगोळीच्या छाप्यासारखे. आमच्या कचेरीतल्या एका जुन्या कार्डात ही सोय नव्हती, आणि त्या यंत्रावर पंखा बाल्कनीखाली हवेत लटकत असे.

दुसरे काम मी दुर्लक्षिले आणि फजिती झाली. आमचा पुढचा प्रकल्प दुमजली होता. वरच्या मजल्याचे उलटे घर फरशीखाली काढताना, खऱ्या फरशीखाली असलेला खालचा मजला उलटून वर आला, आणि तो डोळा आणि प्रतिबिंब यांच्या मधे उभा राहिला. दिवाणखान्याच्या संगमरवरात खालच्या बेडरूमचे कपाट आडवे पडलेले! फरशीच्या पातळीपलीकडचे सगळे कापून टाकावे लागते. एरिक लेंगेल यांनी यावर एक चतुर पद्धत 2005 साली सविस्तर मांडली. कॅमेऱ्याला अगदी जवळचे काही दिसू नये म्हणून त्याच्यासमोर एक काल्पनिक पातळी असतेच. तीच तिरपी करून फरशीवर निजवायची. कापायचे वेगळे कष्ट नाहीत. पण फुकट काही नसते: त्या तिरपेपणामुळे दूरची सीमाही वाकडी होते आणि खोली मोजण्याची अचूकता घटते, म्हणून लांबचे दोन पृष्ठभाग एकमेकांतून लुकलुकू लागतात.

आता किमतीकडे येतो, कारण बिल्डरसाहेबांच्या यंत्रावर शेवटी प्रश्न तोच होता. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. समजा, नुसता हॉल काढायला 9 लागतात. त्यातले 5 वस्तू आणि त्रिकोण रांगेला लावण्यात जातात, 4 ठिपके रंगवण्यात. उलटे घर म्हणजे पुन्हा 9; एकूण 18, म्हणजे बजेट बुडाले. साहजिक मनात येते, की प्रतिबिंब निम्म्या रुंदीचे आणि निम्म्या उंचीचे काढावे. ठिपके चौथाईवर आले, 4 चे 1 झाले. पण त्रिकोण तेवढेच राहिले, 5 चे 5. एकूण 15. कसेबसे बसले. नवशिक्यांचा इथे हमखास गैरसमज होतो: चित्र लहान केले म्हणजे काम लहान झाले असे त्यांना वाटते. सपाट प्रतिबिंबाची खरी किंमत ठिपक्यांत नसून घर दुसऱ्यांदा मांडण्यात आहे. म्हणून खरी काटकसर फरशीखालच्या घरातून सामान काढून टाकण्यात असते: फुलदाणीतली फुले, पुस्तकांच्या कडा, पडद्याच्या झालरी.

आणि त्याच हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा आरसा लावला तर? केशकर्तनालयात समोरासमोर आरसे असतात, आपण मागे मागे जात राहतो, तेच इथे. एक खरे दृश्य, एक फरशीतले, एक आरशातले. शिवाय आरशातल्या फरशीतले आणि फरशीतल्या आरशातले. दोनच पृष्ठभाग, दोनच पायऱ्या, आणि घर पाच वेळा मांडले. तिसरा आरसा आणि तिसरी पायरी धरली तर 1, 3, 6, 12 असे वाढत बावीसपर्यंत जाते. त्यातली काही दृश्ये कोनामुळे दिसणारच नाहीत हे खरे, पण ते तपासायलाही काम पडते. म्हणून जुन्या खेळांत आरसे बहुधा लहान खोल्यांत, प्रसाधनगृहांत सापडतात. तिथे दुसऱ्यांदा मांडायला सामानच कमी.

आता तळ्याची फरशी कशी झाली ते. माझा पहिला प्रयत्न भाबडा होता: उलटे घर आठ वेळा काढायचे, दर वेळी ते किंचित कलते करून, आणि आठांची सरासरी घ्यायची. कलते म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा सरकवावा तसे: फरशीला लागलेला पत्ता जागच्या जागी, वरचे पत्ते उंचीच्या प्रमाणात सरकलेले. त्यामुळे सोफ्याचे पाय स्पष्ट राहिले आणि पाठ पुसट झाली. मी हर्षलो. पण पंख्याची पाती मात्र पुसट न होता वेगवेगळी आठ दिसू लागली, आणि यंत्राला धाप लागली.

मग मी उकिडवे बसून पाहिलेले गणितात उतरवले. डोळ्यापासून फरशीवरच्या बिंदूपर्यंतचे अंतर 4 मीटर धरू. तिथून परावर्तित किरण वस्तूपर्यंत जितका चालतो ते दुसरे अंतर. डोळ्याला जाणवणारा पुसटपणा म्हणजे शंकूचा पूर्ण कोन, गुणिले दुसरे अंतर, भागिले दोन्ही अंतरांची बेरीज. शंकू 4 अंशांचा आणि पडद्याच्या एका अंशात साधारण 32 ठिपके असतील, तर वस्तूचा फरशीपासून 10 सेंटिमीटरवरचा भाग 3 ठिपके पसरतो, 1 मीटरवरचा सुमारे 26, आणि 8 मीटर दूरची खिडकी 85 ठिपके. हे दुसरे अंतर मिळवायला वेगळा शोध लागत नाही. उलटे घर काढताना प्रत्येक ठिपक्याची खोली यंत्राने नोंदलेलीच असते. तिच्यातून फरशीपर्यंतचे अंतर वजा करायचे. मग प्रतिबिंबाच्या चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान लहान प्रती करून ठेवायच्या, आणि जिथे जेवढा पुसटपणा हवा तिथे तेवढी लहान प्रत ताणून वापरायची.

इथे मला हिशेबातली एक गंमत कळली. कुक यांच्या वाटेने पुसटपणा म्हणजे जास्त किरण, जास्त खर्च. आमच्या वाटेने उलटे झाले: पुसट होणारे प्रतिबिंब मुळात लहानच काढले तरी चालते, आणि झालरी गाळल्या तरी 26 ठिपक्यांच्या धुक्यात त्या कुणाला दिसत नाहीत. पुसटपणाने आपली किंमत स्वतःच भागवली. उधारी उरली ती एकाच जागी, सोफ्याच्या पायाशी. तिथे प्रतिबिंब स्पष्टच हवे, आणि निम्म्या आकाराच्या चित्राचे दातेरी कंगोरे नेमके तिथेच उघडे पडतात. एक फ्रेम सोडून प्रतिबिंब काढण्याची काटकसरही तिथेच पकडली जाते: आपण वळलो की पायाचे प्रतिबिंब पायापासून क्षणभर सुटते. फरशी खोटी आहे का हे बघायचे असेल तर छताकडे बघू नये, खुर्चीच्या पायाशी बघावे.

दोन दोष माझ्याकडून पुरते गेले नाहीत. जवळचा स्पष्ट पाय आणि त्यामागची पुसट खिडकी एकाच चित्रात असल्याने खिडकी पसरवताना पायाचा काळा रंग तिच्यात ओढला जातो आणि पायाभोवती मळकट वलय दिसते. ठिपके मिसळताना अंतराचा फरक मोठा असेल तर मिसळू नये, असे सांगून ते कमी करता येते, एवढेच. दुसरा दोष मला मरीन ड्राइव्हने दाखवला. रात्री तिथल्या दिव्यांची प्रतिबिंबे पाण्यात गोल डाग नसतात, आपल्याकडे येणाऱ्या उभ्या रेघा असतात. फरशीचेही तेच. तिरप्या नजरेने पाहताना उंचवटा आपल्या दिशेने कलला तर प्रतिबिंब पूर्ण हलते. बाजूला कलला तर थोडेच. माझ्या हॉलमध्ये डोळा 1.6 मीटर उंचीवर, फरशीचा बिंदू 4 मीटरवर, 1.6 भागिले 4, म्हणजे आडवा पसारा उभ्याच्या 0.4 पट. 26 ठिपके उभे, 10 आडवे. मी दोन्हीकडे सारखेच पसरवत होतो, आणि म्हणून माझी फरशी तळे राहिली नाही तरी वाफ धरलेल्या काचेसारखी दिसे.

पुढची हकिकत थोडक्यात. 2011 च्या सुमारास क्रायटेकच्या 'क्रायसिस 2'मधून एक नवी काटकसर रुळू लागली: दुसरे घर बांधायचेच नाही, पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातूनच प्रतिबिंबाचे रंग उचलायचे. किंमत सामानावर अवलंबून उरत नाही, आणि वाकड्या पृष्ठभागांनाही ती चालते. पण फरशीत टेबलाचा खालचा पृष्ठभाग दिसतो, आणि उभ्या माणसाच्या नजरेला तो कधी दिसलेलाच नसतो. मग रंग आणणार कुठून? तिथे भोक पडते. कॅमेरा खाली वळवला की छत पडद्याबाहेर जाते आणि फरशीतला पंखा विरून जातो. सपाट फरशीसाठी म्हणूनच जुने उलटे घर अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. 2018 मध्ये किरण शोधण्याचे काम कार्डातल्या खास भागाकडे गेले आणि 'बॅटलफील्ड 5'सारख्या खेळांत व्हिटेड यांचा उलटा किरण पुन्हा अवतरला. पण एका ठिपक्याला एखादाच किरण परवडतो, चित्र दाण्यांनी भरते, आणि ते दाणे पुसताना किती पसरवायचे हे ठरवायला पुन्हा तेच दुसरे अंतर लागते, फरशीपासून वस्तूपर्यंतचे.

बिल्डरसाहेबांना मी तिसऱ्या खेपेला दाखवली ती फरशी. ते काही बोलले नाहीत. हॉलमधून फिरत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याची उंची कमी वाटते म्हणाले. मी त्या कारागिराला हे सांगायला नमुन्याच्या फ्लॅटवर गेलो, तर त्याचे काम आटोपून तो दुसऱ्या साइटवर गेला होता. हॉल रिकामा होता. मी दाराशी उकिडवा बसलो आणि ट्यूबलाइट लावली. रेघ अजून थोडी फाटलेली होती.